भूमिका, तालीम की अभिनय? महोत्सवाच्या पुस्तिकेत नटाचा परिचय कशापासून सुरू करावा

महोत्सवाची पुस्तिका वाचली जाते ती नाट्यगृहाच्या खुर्चीत बसून, पहिल्या आणि तिसऱ्या घंटेच्या मधल्या वेळात. शेजारचा माणूस पाय आत घ्या म्हणत असतो, दिवे अर्धे झालेले असतात, आणि वाचणाऱ्याची नजर फोटोवरून पहिल्या वाक्यावर येते. तिसऱ्या वाक्यापर्यंत पोचली तर लिहिणाऱ्याचं नशीब. उरलेला परिचय मध्यंतरात वाचला जातो किंवा घरी गेल्यावर, आणि तोही पहिल्या वाक्याने काहीतरी दिलं असेल तरच.

म्हणून "नटाचा परिचय लिहून टाक, शंभर-दीडशे शब्द" असं समितीतल्या कुणी सांगितलं की खरा निर्णय एकच असतो. सुरुवात कशाने करायची? भूमिकांनी, म्हणजे नाव-नाटक-चित्रपट-पुरस्कार या क्रमाने? शिक्षणाने, म्हणजे हा नट कुठे आणि कुणाकडे घडला त्याने? की अभिनयाने, म्हणजे हा माणूस रंगमंचावर नेमकं काय करतो त्याने? तिन्ही गोष्टी परिचयात येणारच आहेत. पण जी पहिली येते ती बाकीच्या दोघींची जागा ठरवते. दहा-बारा वर्षं अशा पुस्तिका काढताना मी तिन्ही प्रकार छापलेत, आणि तिन्हींत तोंडघशीही पडलोय. एकाच नटावर तिन्ही मसुदे लिहून पाहिले की फरक चटकन कळतो. नट घेऊ डॉ. श्रीराम लागू. त्यांच्याकडे तिन्ही बाजूंचा भरपूर माल आहे, त्यामुळे मसुदा फसला तर दोष माहितीला देता येणार नाही.

पहिला मसुदा : भूमिकांपासून

"डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९). मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ अभिनेते. 'नटसम्राट', 'हिमालयाची सावली', 'गिधाडे' ही त्यांची गाजलेली नाटके. 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' हे मराठी चित्रपट आणि 'घरौंदा'सह अनेक हिंदी चित्रपटांत भूमिका. 'गांधी' या चित्रपटात गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका. पद्मश्री (१९७४), 'घरौंदा'साठी फिल्मफेअर पुरस्कार, संगीत नाटक अकादमीची फेलोशिप."

यात चूक काही नाही, आणि पंचाईत तीच आहे. लागूंना ओळखणाऱ्याला यातलं सगळं ठाऊक आहे. न ओळखणाऱ्याला ही नुसती नावांची माळ आहे. त्याने 'सिंहासन' पाहिला नसेल तर 'सिंहासन' या शब्दातून त्याच्या हाती काय लागणार? शिवाय ही यादी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडते, तीही फोटोंसकट.

तरीही हा मसुदा केराच्या टोपलीत टाकू नका. जीवनगौरव समारंभ असेल, निवेदक परिचय माइकवरून वाचणार असेल, किंवा दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी पत्रकार त्यातून मजकूर उचलणार असेल, तर हाच मसुदा कामाचा. वाचून दाखवायच्या मजकुरात नावांची माळ शोभते, कारण प्रत्येक नावाला सभागृहातून दाद येते. कागदावर ती दाद मिळत नाही.

या प्रकाराचा जीव वाचवण्याची एक साधी युक्ती आहे. नाटकांची संख्या निम्मी करायची आणि उरलेल्या प्रत्येक नावापुढे पात्र लिहायचं. "'सिंहासन'" असं न लिहिता "'सिंहासन'मधले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे" असं लिहिलं की दोन शब्दांत चित्रपटाचं जग दिसायला लागतं. यादीतली शेवटची चार नावं ज्याने वाचलीच नसती, त्याला हे एक नाव लक्षात राहतं.

आणखी एक खबरदारी. आपल्याकडे व्यावसायिक नाटकातली भूमिका एका नटाची राहत नाही. 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनच्या नाटकात लागूंनी उभा केला. पुढे सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला, आणि २०१६च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी केला. या सगळ्यांच्या परिचयात "'नटसम्राट'मध्ये बेलवलकरांची भूमिका" एवढंच छापलं तर ते खरंच असेल, पण अर्थ मात्र चौघांचा वेगळा. "मूळ संचात" किंवा "नंतरच्या संचात" हे दोन शब्द लिहिले की घोळ मिटतो. नंतरच्या संचात असणं कमीपणाचं नाही. उलट लोकांच्या कानात आधीच्या नटाचा आवाज असताना त्याच भूमिकेत उभं राहणं जास्त अवघड. पण ते अवघड आहे हे वाचकाला कळायला आधी संच कळला पाहिजे.

दुसरा मसुदा : शिक्षणापासून

"साताऱ्यात जन्मलेल्या श्रीराम लागूंनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले. नाट्यशिक्षणाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांची शाळा म्हणजे भालबा केळकरांसोबतची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, आणि पुढे मुंबईची 'रंगायन'. कान-नाक-घशाचे तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि टांझानियातील टबोरा येथे काम केल्यानंतर १९६९ साली, वयाच्या चाळिशीत, ते पूर्णवेळ नट झाले."

हा वाचायला पहिल्यापेक्षा बरा, कारण यात गोष्ट आहे. चालती प्रॅक्टिस सोडून चाळिशीत रंगमंचावर आलेला डॉक्टर म्हटलं की कुणीही पुढचं वाक्य वाचतो. पण नट काय करतो याचा यात पत्ता नाही. नटाच्या जागी चित्रकार घातला तरी गोष्ट तशीच राहील.

या मसुद्यात एक मोह दबा धरून असतो. घशाचा डॉक्टर, आणि नट म्हणून आवाजावर हुकमत असलेला. त्यातून 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तकही त्यांनीच लिहिलेलं. हात शिवशिवतात : "घशाची रचना जाणणाऱ्या या नटाने आवाज शस्त्रासारखा वापरला." वाक्य झकास आहे, आणि मला वाटतं ते छापू नये. डॉक्टरीमुळे आवाज घडला असा कार्यकारणभाव आपण आपल्या पदरचा जोडतोय. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्यात, मधला पूल वाचकाला बांधायचा असेल तर त्याने बांधावा. "कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. 'वाचिक अभिनय' या पुस्तकाचे लेखक." या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामात जे आहे ते पुरेसं आहे.

शिक्षणाच्या वाक्यात आणखी एका जागी पाय घसरतो, आणि तिथे माझाच घसरला होता. एका तरुण नटाने पाठवलेल्या माहितीत एका मोठ्या नाट्यशिक्षण संस्थेचं नाव होतं. मी सरळ "तिथून प्रशिक्षित" असं छापलं. प्रत्यक्षात त्याने त्या संस्थेची काही आठवड्यांची कार्यशाळा केली होती. त्याने खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या एका शब्दाने कार्यशाळेची पदवी झाली. उद्घाटनाच्या संध्याकाळी तोच पेन घेऊन पुस्तिकांच्या गठ्ठ्यापाशी उभा होता, आणि एकेक प्रत उघडून ती ओळ खोडत होता. सगळ्या प्रती काही झाल्या नाहीत.

तेव्हापासून मी शिक्षणाच्या वाक्यात तीन गोष्टी विचारतो : संस्था कुठली, किती काळ, आणि हाती काय मिळालं, पदवी, पदविका की नुसता अनुभव. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पुण्याच्या ललित कला केंद्रातली विद्यापीठाची पदवी आणि उन्हाळ्यातली दहा दिवसांची कार्यशाळा ही तीन वेगळी वजनं आहेत. "अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली" या शब्दांनी ती तिन्ही एका तागडीत बसतात, म्हणून ते शब्द पाहिले की मी फोन उचलतो.

तिसरा मसुदा : अभिनयापासून

"वार्धक्यात शिरलेला, निवृत्त झालेला नट गणपतराव बेलवलकर रंगमंचावर आणला तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. या भूमिकेला दोन आवाज लागतात : रंगमंच गाजवलेल्या नटाचा भरघोस, स्वगतांचा आवाज, आणि मुलांच्या घरात हळूहळू नकोसा होत जाणाऱ्या बापाचा आवाज. बेलवलकर एका आवाजातून दुसऱ्यात केव्हा जातो, यावर अख्खं नाटक उभं आहे."

माझं मत याच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तिन्हींत घातक प्रकारही हाच. याचं कारण असं की अभिनयाबद्दल लिहायला बसलं की हाताखाली विशेषणं येतात. कसदार, चतुरस्र, हरहुन्नरी, संयत, भूमिकेशी एकरूप होणारा. हे शब्द इतक्या परिचयांत इतक्या वेळा छापलेत की आता ते कुणालाच चिकटत नाहीत. माझी चाचणी सोपी आहे. वाक्यातलं नाव झाकायचं आणि तिथे त्याच पुस्तिकेतल्या दुसऱ्या नटाचं नाव ठेवायचं. वाक्य तसंच खरं वाटलं तर काट मारायची. "आपल्या कसदार अभिनयाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणारे" हे वाक्य पुस्तिकेतल्या बाराही जणांना बसतं. दोन आवाजांचं वाक्य बेलवलकर करणाऱ्यालाच बसतं.

वरचा मसुदा पुन्हा वाचलात तर एक गोष्ट दिसेल. लागू ते दोन आवाज कसे काढत, याबद्दल मी अवाक्षर लिहिलेलं नाही. भूमिका काय मागते एवढंच लिहिलं. ते संहितेत आहे, त्यासाठी साक्षीदार लागत नाही. नटाने ते कसं दिलं हे लिहायचं तर तो प्रयोग किंवा त्याचं चित्रीकरण तुम्ही पाहिलेलं हवं, किंवा पाहणाऱ्याने लिहून ठेवलेलं हवं. पुस्तिकांतल्या अभिनयाच्या वाक्यांची बहुतेक फजिती इथेच होते. न पाहिलेल्या भूमिकेवर डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं जातं, आणि मग हातात विशेषणांशिवाय काही उरत नाही. भूमिकेची मागणी लिहा. वाचक काही वेळाने तो नट प्रत्यक्ष बघणारच आहे, मागणी पुरी झाली का ते त्यालाच ठरवू दे.

कार्यक्रम कुठला, यावर पारडं फिरतं

इथपर्यंत मी अभिनयाच्या बाजूने बोलतोय, पण एका ठिकाणी मीच शिक्षणाला पुढे काढीन. समजा महोत्सवात जब्बार पटेलांचा 'सामना' दाखवायचा आहे आणि पुस्तिकेच्या समोरासमोरच्या पानांवर दोन परिचय हवेत : डावीकडे लागू, उजवीकडे निळू फुले. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत लागू आहेत दारूत बुडालेला, गावात भटकत आलेला एक मास्तर. फुले आहेत साखर कारखान्यापासून सगळं मुठीत असलेले हिंदुराव. मास्तर विचारतो ते एकच : मारुती कांबळेचं काय झालं? चित्रपट म्हणजे या दोन माणसांची गाठ.

इथे दोघांच्या भूमिकांच्या याद्या समोरासमोर छापल्या तर वाचक फार तर कुणाची मोठी ते मोजेल. शिक्षण समोरासमोर ठेवलं की मात्र काहीतरी घडतं. लागू आले पुण्याच्या शिकलेल्या हौशी रंगभूमीतून, पीडीएतून. दिग्दर्शक जब्बार पटेलही तिथलेच, आणि तेही डॉक्टर. निळू फुले पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. त्यांची शाळा होती राष्ट्र सेवा दलाचं कलापथक आणि मग लोकनाट्य. लिखित संहिता घोटून बसवलेलं नाटक ही एक तालीम. समोरच्या गर्दीचा नूर बघून वाक्य जागेवर वळवणारं वगनाट्य ही दुसरी. 'सामना'त या दोन तालमी एका चौकटीत समोरासमोर बसतात. हे जाणून चित्रपट पाहणारा प्रेक्षक दोघांच्या थांबण्याकडे वेगळ्या कानाने बघेल.

तेव्हा उजवीकडचं पान असं लिहावंसं वाटतं :

"निळू फुले (निधन २००९). पुण्यात माळीकाम करत असताना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहिले, आणि तिथून 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नावारूपाला आले. समोरच्या प्रेक्षकाला उत्तर देत देत बोलायची ही शाळा. १९७२ साली त्यांनी विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये सखाराम केला : स्वतःचे नियम स्वतः घालणारा, ते उघडपणे सांगणारा माणूस. 'सामना'तले हिंदुराव याच्या उलट. ते काहीच उघड सांगत नाहीत. पाहुणचार करतात, हसतात, विचारपूस करतात, आणि धाक त्या अगत्यातूनच तयार व्हावा लागतो."

साधारण ७० शब्द. पुरस्कार नाहीत, चित्रपटांची संख्या नाही, आणि कुणाला त्याची चुटपुट लागेल असं मला वाटत नाही. दोन भूमिकांतला फरक सांगितला की अभिनयाचा पल्ला आपोआप सांगून होतो, "विविधरंगी भूमिका" असं म्हणावंच लागत नाही. शिक्षणाचं वाक्य पहिलं आलंय, पण ते शेवटच्या वाक्याच्या कामाला येतंय म्हणून.

डावीकडे लागूंच्या पानावर मग बेलवलकर पहिल्या वाक्यात नको. तिथे मास्तर हवा. गंमत म्हणजे १९७२च्या 'पिंजरा'त लागू गुरुजीच आहेत, तेही घसरणीला लागलेले. एक शिक्षक तमाशाच्या फडात हरवतो, दुसरा आधीच सगळं गमावून येतो आणि तरी एक प्रश्न सोडत नाही. परिचयातली दोन वाक्यं इथे आयती मिळतात. "'सामना', 'पिंजरा'मध्ये प्रमुख भूमिका" असं लिहिणाऱ्याच्या हातून ती निसटतात.

हाच नियम उलटाही चालतो. रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या. पण महोत्सवात 'गांधी' दाखवणार असाल तर त्यांच्या परिचयाची सुरुवात विद्यालयाने करू नये. सुरुवात कस्तुरबांनी करावी : एका भूमिकेत तरुण पत्नीपासून म्हातारपणापर्यंतचं वय. विद्यालय दुसऱ्या वाक्यात येऊ दे, बाफ्ता शेवटी. त्यांच्यावर नाट्यशिक्षणाचा परिसंवाद असेल तर मात्र क्रम पूर्ण फिरवा. नट तोच, माहिती तीच. कार्यक्रम बदलला की पहिलं वाक्य बदलतं. म्हणून मागच्या वर्षीच्या पुस्तिकेतला परिचय उचलून चिकटवला की तो हटकून बेसूर लागतो.

भूमिकाच चार असतील तेव्हा

खरी कसोटी नवख्यांच्या परिचयात लागते. लागू-फुल्यांवर कुणीही लिहील. महाविद्यालयीन एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेतली दोन नाटकं आणि एक प्रायोगिक नाटक एवढीच कमाई असलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचा परिचय लिहायला बसलं की जागा भरायची घाई होते. मग "बालपणापासूनच अभिनयाची आवड" येतं, "विविध एकांकिका स्पर्धांमध्ये अनेक पारितोषिके" येतं.

'विविध' आणि 'अनेक' हे दोन शब्द काढायचे आणि त्या जागी एक पारितोषिक पूर्ण लिहायचं. स्पर्धा, वर्ष, एकांकिका, पात्र. पुरुषोत्तम करंडकात अभिनयाचं उत्तेजनार्थ पारितोषिक असेल तर 'उत्तेजनार्थ' हा शब्द लपवू नका. पुण्यातल्या वाचकाला त्या करंडकाचं वजन माहीत असतं, आणि लपवलेला शब्द त्याला बरोबर दिसतो. सांघिक पारितोषिक वैयक्तिक वाटेल असं वाक्यही नको. "पारितोषिक विजेत्या एकांकिकेत भूमिका" आणि "अभिनयाचे पारितोषिक" यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि संघातल्या बाकीच्या मुलांनी पुस्तिका वाचली की त्यावरून कट्ट्यावर बोलणं होतंच.

अशा वेळी तिन्ही प्रकारांत कुठला निवडायचा? भूमिकांची यादी तर होतच नाही. शिक्षण असेल तर एका वाक्यात संपतं. उरतो अभिनय, आणि तो मिळवायला नटीशी दहा मिनिटं बोलावं लागतं. "तुझी अभिनयाची प्रक्रिया काय" असं विचारलंत तर ती मुलाखतीत ऐकलेली उत्तरं परत करेल. मी विचारतो : या नाटकातली कुठली जागा तालमीत सगळ्यांत उशिरा बसली? आणि आजही कुठल्या जागेची धाकधूक असते? या प्रश्नांना उत्तर येतंच, आणि ते दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही.

एकीने सांगितलं होतं, तिच्या नाटकात तिला सबंध प्रवेशभर भाजी निवडत बोलायचं होतं. वाक्यं पाठ होती, पण भांडण पेटलं की हात थांबायचे. दिग्दर्शकाने शेवटच्या दोन आठवड्यांत तालमीला खरी मेथीची जुडी आणायला लावली, आणि वाक्यांकडे लक्ष न देता जुडी संपवायची एवढंच काम दिलं. जुडी संपेपर्यंत भांडण संपलं पाहिजे. हात चालू राहिले तेव्हा आवाज आपोआप खाली आला. मी लिहिलं : "या भूमिकेत भांडणभर तिचे हात मेथी निवडत राहतात. हातांची ही लय बसायला तालमीचे शेवटचे दोन आठवडे लागले." प्रयोगानंतर दोघं-तिघं तिला भेटले ते मेथीबद्दलच बोलले.

उरलेली बारीकसारीक

वर्षांबद्दल एकच ठरवून घ्या. चित्रपटाचं वर्ष म्हणजे प्रमाणपत्राचं की प्रदर्शनाचं, नाटकाचं वर्ष म्हणजे पहिल्या प्रयोगाचं की नटाने भूमिका घेतली तेव्हाचं. 'सामना'पुढे कुठे १९७४ दिसतं, कुठे १९७५. दोन परिचयांत दोन वर्षं छापली गेली तर वाचकाला तो निष्काळजीपणाच वाटणार. निर्णय कुठलाही घ्या, सगळ्या पुस्तिकेत तोच ठेवा.

एकेरी-आदरार्थीचंही तसंच. ज्येष्ठांना 'त्यांनी' आणि नवख्यांना 'तिने' असं एकाच पानावर आलं की डोळ्यांत खुपतं. मी पुस्तिकेत सगळ्यांना आदरार्थी लिहितो. वरचं मेथीचं वाक्यही छापताना "त्यांचे हात" असंच झालं होतं. पंचवीस वर्षांच्या मुलीला ते वाचून हसू आलं, पण ती बदला म्हणाली नाही.

आणि मजकूर छापायला देण्यापूर्वी नटाला फोनवर वाचून दाखवा. पाठवू नका, पाठवलेलं कुणी नीट वाचत नाही, अंगठा येतो फक्त. वाचून दाखवताना माणूस मध्येच थांबवतो. मेथीवालीने दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. "सर, ते हरहुन्नरी काढाल का?" म्हणाली. विशेषणांवर एवढं प्रवचन देणाऱ्या माझ्याच मसुद्यात ते राहिलं होतं. "आणि त्या नाटकात मी आधी सहा प्रयोग विंगेत प्रॉम्प्टिंगला होते, भूमिका नंतर मिळाली. ते घालता येईल?" घातलं. एक शब्द गेला, नऊ वाढले, आणि ते बसवायला फोटो जरा लहान करावा लागला.